सदतिसात एक : बोरघाटाची चढण आणि विजेची ओढ



मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी कर्जतला थांबते. मागे इंजिने जोडली जातात, प्रवासी वडा खातात, आणि गाडी घाट चढू लागते. हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण मागे इंजिने का जोडावी लागतात, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : पुढच्या इंजिनाची शक्ती पुरत नाही म्हणून. हे उत्तर वाफेच्या काळात पुष्कळसे खरे होते. विजेच्या काळात ते हळूहळू खोटे ठरत गेले, आणि तरीही मागची इंजिने गेली नाहीत. असे का झाले, याचा इतिहास आज मला सांगायचा आहे. तो सांगताना थोडा हिशेब करावा लागेल. पण तो बेरीज, गुणाकार आणि भागाकार यांच्या पलीकडे जाणार नाही, एवढे आश्वासन देतो.

प्रथम घाटाकडे वळू. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांच्यापुढे १८५० नंतरच्या वर्षांत एक साधा पण अवघड प्रश्न होता. कोकणातून देशावर जायचे तर १८३१ फूट, म्हणजे सुमारे ५५८ मीटर, वर चढलेच पाहिजे. ही उंची सह्याद्रीने ठरवून दिलेली आहे. तीत अभियंत्याला एक फूटही कमी करता येत नाही. त्याच्या हातात एवढेच असते की, ती उंची किती लांबीच्या वाटेवर पसरावी. शंभर मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, अशी सौम्य वाट काढली असती तर ती ५६ किलोमीटर लांब झाली असती, आणि त्या कड्याकपारींत तितक्या लांबीचे बोगदे, पूल व भराव कोणी बांधायचे? म्हणून वाट सुमारे २५ किलोमीटरांत बसवली. तिची सरासरी चढण ४६ मीटरांत १ मीटर आहे. पण सर्वांत तीव्र जागी ती ३७ मीटरांत १ मीटर आहे. रेल्वेच्या भाषेत हिला ‘सदतिसात एक’ म्हणतात. गाडीचे वजन आणि इंजिन हे सरासरीवर ठरत नाहीत, सर्वांत तीव्र जागेवर ठरतात. कारण गाडी अडकायची ती तिथेच अडकते.

हे काम १८५६ ते १८६३ या वर्षांत झाले. २५ बोगदे खोदले गेले. १८५९ च्या जानेवारीत घाटावर मजुरांची मजुरी थकली म्हणून दंगा झाला आणि पहिल्या कंत्राटदाराला त्याच वर्षी काम सोडावे लागले. नंतर आलेले सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी वारले, आणि त्यांच्या पत्नी अॅलिस यांनी कंत्राट चालू ठेवून काम पुरे करवून घेतले. १८६१ मध्ये एका वेळी ४२ हजारांवर माणसे या घाटात राबत होती. पटकीने आणि अपघाताने त्यांतली किती गेली याची पाटी घाटात कोठे नाही. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला. त्या दिवसापासून ‘सदतिसात एक’ हा आकडा दगडात कोरला गेला, आणि पुढे आलेल्या प्रत्येक इंजिनाला त्याच आकड्याचे देणे द्यावे लागले.

आता हे देणे किती, ते पाहू. एक टन वजनाचा डबा या चढणीवर ३७ मीटर पुढे नेला की तो १ मीटर वर उचलला जातो. एक टन १ मीटर उचलण्याचे काम ३७ मीटरांच्या वाटेवर वाटले गेले, म्हणून ओढ वजनाच्या ३७ व्या हिश्श्याइतकी लागते. एक हजार किलो भागिले ३७, म्हणजे २७ किलो. याशिवाय चाके, धारवे आणि घाटातली वळणे यांचे घर्षण असते. सावकाश चालणाऱ्या गाडीसाठी ते टनामागे सुमारे ४ किलो धरू. तेव्हा चढणीवर टनामागे ३१ किलो ओढ लागते. सपाटीवर, याच वेगाने, फक्त ४ किलो लागली असती. म्हणजे कर्जतपर्यंत जी गाडी इंजिनाला एक गाडी वाटते, ती घाटात जवळजवळ आठ गाड्यांएवढी होते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. या हिशेबात वेग कोठेही आलेला नाही. गाडी एकसारख्या वेगाने चालली असेल, तर ती ताशी १० किलोमीटरने चढो की ३० किलोमीटरने, ओढ तीच. घर्षणात थोडा फरक पडतो, पण चढणीच्या २७ किलोंत पडत नाही. वेगाचा संबंध येतो तो शक्तीशी. शक्ती म्हणजे ओढ गुणिले वेग. दर सेकंदाला ७६ किलो वजन १ मीटर उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती, हे माप धरले तर सगळा हिशेब हातात येतो. थोडक्यात : उंची काम ठरवते, चढण ओढ ठरवते, आणि वेग शक्ती ठरवतो. हे तीन धागे एकत्र गुंतले की माणसे घोटाळ्यात पडतात. वेगळे ठेवले की घाटाचा सारा इतिहास उलगडतो.

वाफेच्या इंजिनाची अडचण बाष्पकात होती. कोळसा जितका जळेल तितकीच वाफ, आणि वाफ तितकीच शक्ती. ओढ तर चढणीने ठरवून दिलेली. ती कमी करता येत नव्हती. मग शक्ती अपुरी पडली की कमी करण्यासारखा एकच धागा उरत होता, तो म्हणजे वेग. शिवाय खंडाळ्याच्या अलीकडे गाडी उलटी फिरवण्याचे स्थानक होते. तिथे गाडीने थांबायचे, इंजिनाने दुसऱ्या टोकाला जायचे आणि पुन्हा चढणीवर सुटायचे. त्या स्थानकात मावेल तेवढीच गाडी लांब असू शकत होती.

मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. १९२९ मध्ये कल्याण ते पुणे आणि १९३० मध्ये कल्याण ते इगतपुरी हे मार्ग १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर आले. बोरघाटातले उलटे स्थानकही त्याच सुमारास नवी वाट काढून बंद झाले. घाटातल्या मालगाड्यांसाठी जी इंजिने आली त्यांना कामगारांनी ‘खेकडा’ असे नाव दिले. लांब नाकाडी, मधे चालकाची खोली, आणि चाकांना जोडणारे दांडे असा त्यांचा थाट होता. यांत्रिक भाग स्वित्झर्लंडच्या विंटरथुर येथील कारखान्याच्या धाटणीचा आणि विजेची सामग्री मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची होती. वजन सुमारे १२५ टन, सहा आसांवर; आणि ६५० अश्वशक्तीच्या चार मोटारी, म्हणजे एकूण २६०० अश्वशक्ती.

ही २६०० अश्वशक्ती घाटात काय करू शकते? एका खेकड्याने एकट्याने किती वजन ओढावे, असा प्रश्न घेऊ. पहिली मर्यादा मोटारीची नाही, रुळाची आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर जी पकड धरते, ती कोरड्या हवेत चाकावरच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याइतकी किंवा थोडी अधिक असते. पावसात, धुक्यात, तेलकट रुळावर ती बरीच खाली येते. बेताने पाचवा हिस्सा धरला तर १२५ टनांच्या इंजिनाला २५ टनांची ओढ मिळते. याहून जास्त ओढ मागितली तर चाक जागच्या जागी गरगरेल. टनामागे ३१ किलो या दराने २५ हजार किलोंत ८०५ टन बसतात. त्यांतून इंजिनाचे स्वतःचे १२५ टन वजा करा, कारण इंजिनालाही स्वतःला वर न्यायचे असते. उरले ६८० टन. एवढीच गाडी.

आता दुसरी मर्यादा पाहू. २५ हजार किलो ओढ आणि २६०० अश्वशक्ती असेल तर वेग किती? २६०० गुणिले ७६ भागिले २५ हजार. उत्तर येते सेकंदाला ७·९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर. आणि या वेगाने २५ किलोमीटरांची वाट, सगळी तीव्रच धरली तरी, ५४ मिनिटांत संपते. या ५४ मिनिटांचे महत्त्व पुढे कळेल, म्हणून हा आकडा लक्षात ठेवावा.

इंजिनावरच्या २६०० या आकड्याला एक अट जोडलेली असते, आणि ती अट पुष्कळदा वाचली जात नाही. ती शक्ती ‘एक तासाची’ आहे. मोटारीच्या तारेतून प्रवाह गेला की तार तापते. थंड मोटार या भाराखाली एक तास चालली तर तिच्या वेष्टनाला सोसवेल इतकीच तापते. त्याहून जास्त वेळ चालवायची तर भार कमी केला पाहिजे. अखंड चालवण्याची शक्ती म्हणून एक वेगळा, लहान आकडा असतो. आपला चढ ५४ मिनिटांत संपतो आणि मोटारीची मुदत ६० मिनिटांची आहे. घाट आणि मोटार एकमेकांना जेमतेम पुरतात.

जेमतेम पुरणाऱ्या गोष्टीत काय बिघडते ते पाहू. या इंजिनांतल्या मोटारींचा स्वभाव असा की, ओढ ठरते प्रवाहावर आणि वेग ठरतो दाबावर. चढणीने ओढ पक्की केली, म्हणजे प्रवाहही पक्का झाला, आणि प्रवाह पक्का म्हणजे तापणेही पक्के. आता समजा, वरच्या तारेतला दाब १५०० वरून १२०० व्होल्टवर आला. वीज-उपकेंद्र दूर असले, किंवा त्याच तारेवर दुसरी जड गाडी चढत असली की असे होते. दाब एकपंचमांशाने घटला, म्हणून वेगही साधारण तेवढाच घटला. पण गाडीचे वजन आणि चढण तीच असल्याने प्रवाह घटला नाही. मोटार पूर्वीइतकीच तापत राहिली, फक्त आता ५४ मिनिटांऐवजी ६७ मिनिटे. मुदत ओलांडली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की गाडी सावकाश चालली आहे, म्हणजे इंजिनाला आराम आहे. खरे तर ती सावकाश चालली आहे म्हणूनच जळण्याच्या वाटेवर आहे.

गाडीचे वजन कागदावरच्यापेक्षा दहा टक्के जास्त भरले तरी असेच होते. ओढ दहा टक्के वाढते. मोटारीतली उष्णता दहा ते वीस टक्के वाढते. चालकाला हे कसे कळते? प्रवाहमापकाचा काटा नेहमीच्या खुणेच्या वर राहतो, आणि त्याहून उशिरा, तापलेल्या वार्निशाचा वास येतो. चाक घसरले तर याच्या उलट खूण दिसते : काटा एकदम खाली पडतो आणि चाकाचा सूर चढतो. तेव्हा प्रवाह कमी करून वाळू सोडावी लागते. खेकड्याची चाके दांड्यांनी जोडलेली असल्यामुळे एकटे चाक सुटत नसे, हा त्या जुन्या रचनेचा मोठा गुण होता. सर्वांत वाईट म्हणजे चढणीवर थांबून पुन्हा सुटणे. मोटार फिरत नसताना पूर्ण प्रवाह सोडला तर त्याच त्या तांब्याच्या पट्ट्यांवर सारा भार पडतो. काही सेकंदांत सुटली तर सुटली. नाहीतर पट्ट्या जळतात.

हे सारे मी एवढ्या विस्ताराने सांगतो त्याला कारण आहे. कामगार संघटनेच्या कामात अशा चौकशांना मी पुष्कळ वेळा बसलो आहे. गाडी चढणीवर अडकली, मोटार जळली. बोला, चालकाची चूक काय? एका चौकशीत मी फक्त तीन आकडे मागितले : गाडीचे खरे वजन, त्या वेळचा तारेतला दाब, आणि मोटारीवरच्या पाटीवर लिहिलेली मुदत. तिसरा आकडा त्या खोलीत कोणाला ठाऊक नव्हता. चालक नेहमी निर्दोष असतो असे माझे म्हणणे नाही. वाळू वेळेवर न सोडणारे, घसरणाऱ्या चाकावर प्रवाह वाढवणारे चालकही असतात. पण ओढ चढण ठरवते, भार नियोजक ठरवतो, दाब उपकेंद्र ठरवते. चालकाच्या हाती उरते ते फार थोडे. शिक्षेचा हिशेब करण्याआधी हा हिशेब झाला पाहिजे, एवढेच मागणे होते.

आता उताराचा विचार करू. ८०५ टन वजन ५५८ मीटर उचलण्यात १२०० वर युनिटे वीज खर्ची पडते, घर्षणाची वेगळी. ही वीज नाहीशी होत नाही. ती उंचीच्या रूपाने लोणावळ्याला जमा असते. वाफेची गाडी उतरताना ही सारी पुंजी ब्रेकच्या ठोकळ्यांत घासून, धूर करून टाकली जाई. खेकड्याच्या मोटारी उतारावर उलट वीज तयार करीत. एकसारख्या वेगाने उतरणारी गाडी टनामागे २७ किलोंनी खाली ओढली जाते. त्यांतले ४ घर्षण खाते, उरलेले २३ मोटार धरून ठेवते आणि त्याची वीज तारेत परत घालते. तारांत आणि मोटारीत काही गळते, पण उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हातभार लावते. मर्यादा एकच : ती वीज घेणारा कोणी तरी असला पाहिजे. चढणारी गाडीही नसेल आणि उपकेंद्रही वीज परत घेऊ शकत नसेल तर दाब वाढू लागतो, आणि चालकाला पुन्हा ठोकळ्यांच्याच ब्रेककडे वळावे लागते.

येथून आपण आजच्या काळात येऊ. या मार्गांवरचा १५०० व्होल्टचा प्रवाह टप्प्याटप्प्याने गेला, मुंबईतली शेवटची हार्बर लाइनही २०१६ मध्ये बदलली, आणि सर्वत्र २५ हजार व्होल्टचा उलटसुलट प्रवाह आला. आजचे डब्ल्यूएपी-७ जातीचे इंजिन सहा हजारांवर अश्वशक्तीचे आहे, खेकड्याच्या दुपटीहून जास्त. त्याचे वजन मात्र १२३ टन, म्हणजे खेकड्याइतकेच. एक हजार टनांची गाडी त्याला जोडली तर एकूण वजन ११२३ टन आणि ओढ ३५ टन. ताशी ३० किलोमीटरने चढायला ३८०० अश्वशक्ती पुरते. शक्ती तर उदंड आहे. पण १२३ टनांच्या चाकांकडून ३५ टनांची ओढ म्हणजे २८ टक्के पकड. आजची यंत्रणा घसरण क्षणात ओळखते, तरी पावसाळी रुळावर २८ टक्क्यांचा भरवसा कोणी देणार नाही. म्हणून मागे इंजिने लागतात. ती शक्ती देण्यासाठी नसून रुळावर पाय रोवणारे वजन देण्यासाठी असतात. शिवाय मागून ढकलल्याने मधल्या जोडांवरचा ताण कमी होतो, आणि जोड तुटलाच तर डबे मागे धावत नाहीत.

हे पटत नसेल तर दुसरे उदाहरण घ्या. २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबई–सोलापूर वंदे भारत गाडी याच घाटातून, मागे इंजिन न लावता, चढू लागली. तिच्यात वेगळे इंजिन नाही. गाडीच्या निम्म्या आसांना मोटारी आहेत. टनामागे ३१ किलो ओढ तिलाही लागतेच. पण ती ओढ धरायला दर टनातले ५०० किलो मोटारीच्या चाकांवर आहेत. ३१ भागिले ५००, म्हणजे सहा टक्के पकड. एवढी पकड धो-धो पावसातही मिळते. सह्याद्री तोच, सदतिसात एक तेच, टनामागे ३१ किलो तेच. बदलले ते इतकेच की, ओढणारी चाके एका टोकाला न ठेवता गाडीभर वाटली. ओझे एकाच्या डोक्यावरून अनेकांच्या खांद्यांवर आले की चढण सोपी होते, ही गोष्ट आमच्या चळवळीतल्या माणसाला सांगावी लागत नाही.

हाच हिशेब रस्त्यावरच्या विजेच्या बसला लागू पडतो. १८ टनांची बस विसात एक या चढणीवर घेतली तर टनामागे ५० किलो चढणीचे, आणि रबरी चाकांच्या घर्षणाचे सुमारे १० किलो. एकूण १०८० किलो. ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटरने, चढायचे तर १४२ अश्वशक्ती चाकांवर लागते. सपाटीवर त्याच वेगाला २४ पुरतात, हवेचा अडथळा सोडून. रबराची डांबरावरची पकड चांगली असल्याने बसला घसरण्याची चिंता कमी आहे; तिची चिंता मोटार किती वेळ तापत राहणार ही आहे. म्हणून अशी बस घाटमार्गावर आणणाऱ्याला दोन आकडे विचारावेत : मोटारीची थोड्या वेळाची शक्ती किती, आणि अखंड शक्ती किती. जाहिरातीत पहिला आकडा असतो. घाट दुसऱ्याची परीक्षा घेतो, कारण घाट थोड्या वेळात संपत नाही. आणि दुसरा आकडा पुरला नाही तर मोटार जळू नये म्हणून यंत्रणा आपोआप शक्ती कमी करते, बस मधेच मंदावते, मागे वाहनांची रांग लागते, आणि शिव्या पुन्हा चालकच खातो.

तेव्हा पुढच्या वेळी कर्जतला गाडी थांबली की मागे जोडल्या जाणाऱ्या इंजिनांकडे पाहा. सदतिसात एक हे देणे १८६३ मध्ये ठरले. वीज आली, तिने वेग दिला, उतारावरची पुंजी परत मिळवून दिली, पण टनामागच्या २७ किलोंतला एक किलोही कमी केला नाही. ते देणे रुळावर रोवलेल्या चाकांनीच फेडायचे असते.